करासहित किमतीतून मूळ रक्कम वेगळी करताना

प्रश्न: माझ्या शीटमध्ये वस्तू, तिचा प्रकार आणि करासकट किंमत आहे. प्रकारानुसार कराचा दर वेगळा आहे. १०० मधून १८ टक्के वजा केले तर ८२ येतात, पण ८२ वर परत कर लावला की १०० होत नाहीत. काय चुकतंय?

टक्के तुम्ही चुकीच्या रकमेवर काढलेत. कर मूळ रकमेवर लागतो आणि तुमच्या हातात आहे ती कर मिळवून झालेली बेरीज. म्हणजे १०० ही रक्कम मुळाच्या १.१८ पट आहे, म्हणून वजाबाकी न करता १.१८ ने भागायचं. मूळ रक्कम ८४.७५ येते, कर १५.२५.

`Rates` नावाच्या वेगळ्या शीटवर पहिल्या स्तंभात प्रकार आणि दुसऱ्यात दर ठेवा. मुख्य शीटमध्ये B मध्ये प्रकार आणि C मध्ये किंमत आहे असं धरतो:

```
D2: =VLOOKUP(TRIM(B2),Rates!$A$2:$B$20,2,FALSE)
E2: =ROUND(C2/(1+D2),2)
F2: =ROUND(C2-E2,2)
```

F2 मध्ये कर दराने गुणून न काढता वजाबाकीने काढलाय, तो मुद्दाम. ८४.७५ ला ०.१८ ने गुणलं तर १५.२५५ येतात, ते पूर्णांकित होऊन १५.२६ होतात आणि बेरीज १००.०१ भरते. एका ओळीत हा फरक नगण्य वाटतो, पण शेकडो ओळींचा ताळा करताना तो शोधण्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे. वजाबाकी केली की प्रत्येक ओळ करासकट किमतीशी जुळतेच.

खरा धोका मात्र दर शोधण्यात आहे, कारण तिथली चूक दिसत नाही. शेवटचं `FALSE` गाळलं तर नेमका प्रकार सापडला नाही तरी सूत्र जवळपासच्या दुसऱ्याच प्रकाराचा दर उचलू शकतं. `FALSE` असताना प्रकार सापडला नाही तर `#N/A` येतं, ते येऊ द्या. ते नजरेला खुपतं म्हणून `IFERROR` लावून तिथे शून्य आणू नका. तसं केलंत तर कर शून्य धरला जातो आणि सगळी किंमत मूळ रक्कम म्हणून पुढे जाते. दराचा रकाना रिकामा राहिला तरी हेच होतं. ज्या प्रकारावर खरोखर कर नाही, त्याची ओळ तक्त्यात ठेवून समोर ० स्वतः लिहा.

दर `18%` किंवा `0.18` असाच हवा. नुसतं `18` पडलं तर १०० ची मूळ रक्कम ५.२६ दिसेल, त्यावरून लगेच ओळखता येतं.

`TRIM` प्रकाराच्या पुढच्यामागच्या मोकळ्या जागा काढतं, पण फक्त मुख्य शीटमधल्या. `Rates` मधली नावं एकदा हाताने तपासून घ्या.