मामांना तारीख सांग

मी २६ वर्षांची, देवगडला पतपेढीत नोकरी करते. मामांनी ठाण्याचं स्थळ आणलंय. मुलाला एकदाच भेटले, तेही सगळ्यांसमोर, वीसेक मिनिटं. नको असं काही नाही, पण हो म्हणण्याइतकं कळलंही नाही. ते लोक गणपतीला गावी येतायत, तेव्हाच सुपारी फोडू असं बाबा म्हणतात. मी वेळ मागितला की आई रडते. काय करू?

'मला वेळ हवा' यात तारीख नाही. म्हणून आईबाबांना ते 'नको' असंच ऐकू येतं. नुसता वेळ मागू नकोस, दिवस सांग, आणि तो पंचांगातूनच काढ. चातुर्मासात लग्नं होत नाहीत. मुहूर्त निघतात ते तुळशीच्या लग्नानंतर. गणेश चतुर्थीपासून तिथपर्यंत दोन महिन्यांहून जास्त दिवस आहेत, शिवाय मधला पितृपक्ष बोलणीसाठी कुणी धरत नाही. तेव्हा 'दसऱ्याला मी हो किंवा नाही सांगेन' असं म्हटलंस तर मुहूर्त कुणाचाच चुकत नाही. बाबांच्या घाईला त्यानंतर फारसं कारण उरत नाही.

हे बाबांना एकट्याला गाठून सांग, जेवणाच्या पंगतीत नको. चार माणसांसमोर बाबा मागे येणार नाहीत. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर तिला ते मागाहून कळेल आणि पुन्हा रडू सुरू होईल.

खरी गफलत मध्यस्थाकडे होते. तू गप्प राहिलीस, की मामा पलीकडे 'मुलगी तयार आहे' असं कळवतात. त्यात त्यांचा खोटेपणा नसतो, अशा वेळी गप्प राहणं म्हणजे होकार असंच धरलं जातं. म्हणून मामांना स्वतः फोन कर: "मामा, स्थळ मी नाकारलेलं नाही. अजून दोनदा भेटून दसऱ्याला उत्तर देते. तोवर सुपारी नको, हे त्यांनाही सांगा." मग हेच शब्द मेसेजवरही पाठव.

गणपतीत ते आले की आरतीच्या गर्दीत भेट उरकू नका. दोघं कुणकेश्वरला जा, दोनेक तास बोला. दुसरी भेट ठाण्यात, त्याच्या घरी, त्याच्या आईवडिलांसह. लग्नानंतर तुझ्या नोकरीचं काय, घरात कोण कोण राहतं, घराचं कर्ज किती आणि कोण फेडतं, हे सरळ विचार. 'ते नंतर बघू' हेच उत्तर तीनदा आलं, तर तुला नाही म्हणायला तेवढं कारण पुरे.

सुपारीने लग्न लागत नाही, कायद्याने बंधनही येत नाही. पण गावात बोभाटा होतो आणि मग मोडणं जड जातं. म्हणून 'नुसती सुपारीच तर आहे' याला भुलू नकोस.

मुलाकडचे 'आठ दिवसांत सांगा, नाहीतर दुसरीकडे बघतो' म्हणाले, तर बाबांना म्हण, बघू देत. धमकी किंवा मारहाणीपर्यंत गोष्ट गेली, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर.