आरडीचा हप्ता चुकला? आधी बचत खात्यातले ५०० रुपये आठवा

तुमची पोस्टाची ३,००० रुपयांची आरडी आहे, बचत खात्यात ३,२०० होते, तरी हप्ता गेला नाही. कारण त्या खात्यात ५०० रुपये राखावेच लागतात. म्हणजे ३,५०० हवे होते. अर्धा हप्ता कापला जात नाही.

दंड शंभराला एक रुपया, म्हणजे तुम्हाला ३० रुपये. दिसायला किरकोळ, पण ६.७ टक्क्यांनी ३,००० रुपयांचं महिन्याचं व्याज जेमतेम १७ रुपये होतं. दंड त्याहून जास्त! म्हणून पुढच्या हप्त्याची वाट न पाहता काउंटरवर जाऊन आधी राहिलेला हप्ता दंडासह भरा, आणि पासबुकात नोंद बघूनच परत या.

खातं १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत, नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. त्यानंतर दोन महिन्यांत ते सुरू करून घेतलं नाही, तर त्यात पुढे पैसेच भरता येत नाहीत.

बँकेची आरडी असेल तर दंडाचा दर वेगळा असतो, तो शाखेत विचारा.