टीडीएस प्रमाणपत्र मागताना फॉर्म, तिमाही आणि रक्कम

प्रश्न : मी नाशिकला इंटिरिअर डिझायनर आहे. एका कंपनीला डिसेंबर २०२५ मध्ये १,२०,००० रुपये अधिक जीएसटी असं बिल दिलं. फेब्रुवारीत खात्यावर १,२९,६०० जमा झाले. ‘जानेवारी-मार्चचा फॉर्म १६ पाठवा’ असा मेल केला, तर उत्तर आलं, ‘तुम्ही आमच्या कर्मचारी नाही आणि या तिमाहीत तुमच्या नावावर कपात नाही.’ कंपनीने माझे पैसे खाल्ले का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. कंपनीचं उत्तर तुटक आहे, पण तुमच्या मेलमधल्या शब्दांपुरतं बरोबर असू शकतं.

आधी रक्कम पाहू. १,२०,००० वर १८ टक्के जीएसटी २१,६००, म्हणजे बिल १,४१,६०० चं. हातात १,२९,६०० आले, म्हणजे १२,००० कापले गेले. कलम १९४जे खाली व्यावसायिक फीवर १० टक्के कपात होते आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ती मूळ फीवरच होते. हिशेब चोख जुळतो. म्हणून पत्रात १,२९,६०० लिहू नका. त्यांच्या नोंदीत तो आकडा सापडणार नाही. फी १,२०,००० आणि कपात १२,००० असं लिहा.

फॉर्म १६ पगारदारांसाठी असतो आणि वर्षातून एकदा मिळतो. तुमच्यासारख्यांना मिळतो तो फॉर्म १६ए, आणि तो दर तिमाहीला. तुमचा मेल बहुधा एचआरकडे गेला आणि तिथेच अडकला. आता थेट अकाउंट्स विभागाला लिहा.

खरी गोम तिमाहीत आहे. पैसे फेब्रुवारीत आले म्हणून तुम्ही चौथी तिमाही धरलीत. पण कलम १९४जे नुसार कंपनीने आपल्या वहीत रक्कम तुमच्या नावे जमा दाखवणं किंवा प्रत्यक्ष देणं, यातलं जे आधी घडेल तेव्हाच कर कापायचा असतो. कंपनीने डिसेंबरातच बिल वहीत घेतलं असेल, तर कपात तिसऱ्या तिमाहीची, ऑक्टोबर ते डिसेंबरची. तुमचे पैसे नंतर कधीही येवोत.

हे अंदाजाने लिहायची गरज नाही. आयकर पोर्टलवर लॉगिन करून तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडा. कंपनीच्या नावासमोर `Transaction Date` या रकान्यात ३१ डिसेंबरसारखी तारीख आणि `Status of Booking` मध्ये `F` दिसलं, तर कर भरला गेला आहे आणि तुमच्या पॅनवर चढलाही आहे. मग असं लिहा :

“महोदय, माझ्या दि. __ डिसेंबर २०२५ च्या बिल क्र. __ वरील व्यावसायिक फी रु. १,२०,००० (जीएसटी वगळून) मधून आपण कलम १९४जे खाली रु. १२,००० कापले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६, तिसरी तिमाही (ऑक्टोबर-डिसेंबर २०२५) साठीचा फॉर्म १६ए कृपया ट्रेसेसवरून डाउनलोड करून पाठवावा. माझा पॅन __. आधीच्या मेलमध्ये फॉर्म व तिमाही चुकीची लिहिली गेली होती. ती विनंती रद्द समजावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर दोन वेगळ्या मागण्या समजून कोणीतरी पुन्हा जुन्याच मेलला उत्तर देईल. ‘ट्रेसेसवरून’, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून, हा शब्दही मुद्दाम घातला आहे. लेटरहेडवर टाइप करून दिलेला कागद चालत नाही. खऱ्या फॉर्मवर ट्रेसेसने दिलेला प्रमाणपत्र क्रमांक असतो.

२६एएसमध्ये नोंदच नसेल तर मात्र नुसतं प्रमाणपत्र मागून उपयोग नाही. कंपनीने तिमाही विवरणपत्र, म्हणजे २६क्यू, भरल्याशिवाय फॉर्म १६ए तयारच होत नाही. एक तर ते भरलेलं नाही, किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला आहे. पॅनमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तुमचे १२,००० दुसऱ्याच्या नावावर दिसतात. अशा वेळी पत्रात पॅनची प्रत जोडा आणि २६क्यूचं दुरुस्ती विवरणपत्र भरण्याची मागणी करा.

तिसऱ्या तिमाहीच्या विवरणपत्राची मुदत ३१ जानेवारी आणि फॉर्म १६ए देण्याची १५ फेब्रुवारी २०२६ होती. नव्या पत्रानंतरही टाळाटाळ झाली, तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. व्यवहार १ एप्रिल २०२६ पूर्वीचा असल्याने त्याला १९६१ चा कायदा लागू. कलम २०३ खाली प्रमाणपत्र देणं बंधनकारक आहे. ते न दिल्यास कलम २७२ए(२) खाली दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो, मात्र तो कराच्या रकमेपेक्षा, म्हणजे तुमच्या बाबतीत १२,००० पेक्षा, जास्त नाही.

बिलाची प्रत, बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीने पाठवलेला पेमेंटचा तपशील जपून ठेवा. जो कर तुमच्या पैशांतून कापला गेला आहे, तो आयकर खातं पुन्हा तुमच्याकडून वसूल करू शकत नाही, असं कलम २०५ सांगतं. पण कपात झाली हे दाखवायला हेच कागद लागतील.