निरोपाचे वाक्य आधी तयार असू द्या

प्रश्न : ज्याच्याशी माझे चार वर्षे नाते होते, तो परवा बाजारात अचानक समोर आला. मी न पाहिल्यासारखे करून मागे वळले आणि घरी येऊन रडले. पुन्हा भेट झाली तर काय बोलावे? बोलले नाही तर उद्धटपणा होईल का, आणि बोलले तर जुने सगळे पुन्हा सुरू होईल का?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका बाईंची अडचण वरवर पाहता याच्या अगदी उलट होती. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, ती सांगते. त्या टाळून गेल्या नव्हत्या, उलट थांबल्या होत्या, आणि मग त्यांना तिथून निघताच आले नव्हते. महाविद्यालयात त्यांच्याच वर्गात असलेला आणि पुढे तीन वर्षे ज्याच्याशी त्यांचे नाते होते असा माणूस, ते नाते तुटून सहा वर्षे झाल्यावर, बाजाराच्या गर्दीत हाताच्या अंतरावर भेटला. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन त्या वीस मिनिटे उभ्या राहिल्या. ‘एकदा निवांत भेटू’ असे स्वतःच म्हणाल्या, फोन नंबर दिला, आणि त्यानंतरचा आठवडाभर रात्री उशिरापर्यंत संदेशांची देवाणघेवाण होत राहिली. ती त्यांनी प्रयत्नपूर्वक थांबवली खरी, पण तेव्हापासून बाजारात जायचे तर सकाळी दुकाने उघडता उघडता जायचे आणि ज्या बाजूला तो भेटला होता ती बाजू टाळायची, असे सुरू झाले.

पहिल्या दोन बैठकांत आम्ही जुन्या नात्याविषयी जवळजवळ काहीच बोललो नाही. ती वीस मिनिटेच मी त्यांना एकेक वाक्य आठवून सांगायला लावली. तेव्हा असे दिसले की सुरुवात त्यांना उत्तम जमली होती. ‘अरे, तू! किती वर्षांनी!’ हे त्या हसून, सहज बोलल्या होत्या. शेवट मात्र तीनदा हातातून निसटला होता. तीनही वेळा त्या ‘बरं…’ म्हणाल्या, क्षणभर शांतता झाली, आणि ती शांतता सहन न होऊन त्यांनीच नवा प्रश्न विचारला. पहिला प्रश्न त्याच्या नोकरीचा होता, दुसरा त्याच्या आईच्या तब्येतीचा, आणि तिसरा होता, ‘तू सुखी आहेस ना?’

संभाषणे संपतात कशी याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी 1973 मध्येच दाखवले होते की बोलणे आपोआप थांबत नाही, ते दोघांना मिळून संपवावे लागते. आधी एकजण ‘आता माझ्याकडे नवे काही नाही’ अशी खूण करतो, दुसरा ती मान्य करतो, आणि मगच निरोप येतो. आपल्या बोलण्यातले ‘बरं’, ‘चला मग’ ही तीच खूण आहे. या बाई खूण करत होत्या आणि ती मान्य व्हायच्या आतच स्वतः मोडत होत्या. ‘त्याला वाईट वाटेल’ हे त्यांचे कारण होते. या कारणाला उत्तर म्हणून मी त्यांना 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाविषयी सांगितले. दोघांनाही जेव्हा हवे होते नेमके तेव्हा संपलेले संभाषण त्यात अगदी क्वचित आढळले, आणि समोरच्याला कधी निघायचे आहे याचा अंदाजही लोकांना नीट करता आला नाही. म्हणजे तोही कदाचित त्यांच्या भिडेखातरच तिथे उभा राहिला असेल, हा विचार तोवर त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

मग आम्ही तालीम केली. मी एक पिशवी घेऊन ‘तो’ म्हणून खोलीच्या दारातून येत असे. बोलण्याचे टप्पे तीनच ठरवले होते: नाव घेऊन ओळख दाखवायची, मनापासून वाटणारे एक वाक्य बोलायचे, आणि तिसरे वाक्य निरोपाचे. त्यातले निरोपाचे वाक्य आम्ही सर्वांत आधी पक्के केले, कारण बाहेर पडायची वाट ठाऊक असली की थांबायची भीती उरत नाही. ‘तुला बरं पाहून छान वाटलं. मी निघते आता, काळजी घे.’ यात कारण सांगितलेले नाही, हे मुद्दाम. घाईचे खोटे कारण दिले की समोरचा माणूस ‘मग कधी वेळ आहे?’ असे विचारू शकतो. ‘भेटू कधीतरी’ हेही आम्ही काढून टाकले, कारण ते वचन त्यांना पाळायचे नव्हते आणि पाळायचे नसलेले वचन देणे हा दयाळूपणा नव्हे.

पहिल्या तालमींत त्या इतक्या झपाट्याने बोलल्या की पाठ केलेले वाचल्यासारखे वाटले. शब्द वाढवायची गरज नव्हती, वेग कमी करायचा होता. नाव घेतल्यावर एक श्वास थांबायचे आणि निरोपाचे वाक्य त्याच्या डोळ्यांत पाहून पूर्ण करायचे. त्यानंतर मात्र पाऊल उचलायचेच. बोलून झाल्यावर तिथेच उभे राहिले की शांतता पुन्हा प्रश्न विचारायला लावते. ‘संसार कसा चाललाय?’, ‘तुला कधी आठवण येते का?’ अशा प्रश्नांना दोन मिनिटांत उत्तर नसते, म्हणून तेही वर्ज्य ठरले.

सुमारे चार महिन्यांनी तो खरोखरच भेटला, पण सोबत पत्नी होती. याची तालीम आम्ही केली नव्हती. त्यांनी आधी तिला नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो.’ हे वाक्य मला फार योग्य वाटते. ते पूर्ण खरे आहे, आणि त्यापुढचे पत्नीला सांगायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. मग निरोपाचे वाक्य आले, आणि त्या निघाल्या. त्यांच्या अंदाजाने सगळे मिनिटभरात झाले. छाती मात्र पुढची गल्ली संपेपर्यंत धडधडत होती. अशी धडधड म्हणजे जुने प्रेम जागे झाल्याचा पुरावा नव्हे, हे आम्ही आधीच बोलून ठेवले होते. अवचित भेटीने शरीर दचकते, आणि ते ओसरायला वेळ लागतो. त्या रात्री ‘मी कशी दिसले असेन’ याची उजळणी सुरू झाली, तेव्हा घडले ते तीन ओळींत लिहून त्यांनी वही मिटली.

तुमचा प्रसंग मी याच्या शेजारी ठेवून पाहते. तुम्ही मागे वळलात त्यात उद्धटपणा नव्हता. त्याने तुम्हाला पाहिलेच नसेल, तर हाक मारून बोलायचे कोणतेही बंधन नाही. नजरानजर झाली तर मान लववून, हलके हसून पुढे जाणेही पुरेसे आहे. मात्र त्या नात्यात मारहाण, धमक्या किंवा पाठलाग झाला असेल, तर वर लिहिलेले काहीही तुम्हाला लागू नाही. तिथे सौजन्याचा प्रश्नच येत नाही. माणसे असतील अशा दुकानात शिरा, विश्वासातल्या व्यक्तीला फोन लावा आणि एकट्याने घरी जाऊ नका.

तसे काही नसेल, तर आपले निरोपाचे वाक्य स्वतःच्या शब्दांत बनवा आणि ते मनातल्या मनात न म्हणता चालता चालता मोठ्याने म्हणून पाहा. त्या बाईंना ते जिभेवर बसायला तीन आठवडे लागले होते, आणि बाजारात त्या आता सोयीच्या वेळी, हव्या त्या बाजूने जातात.