ढगाची उंची कोण ठरवतं?

प्रश्न: वर गेल्यावर आपण सूर्याच्या जवळ जातो, मग हवा थंड का होते? आणि इंदूरला काही दुपारी ढग चपटेच राहतात, काही दुपारी मात्र तासाभरात उंच वाढून कोसळतात, ते का?

सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. त्यात दोन-चार किलोमीटरने काय फरक पडणार? हवा मुख्यतः तापते ती जमिनीमुळे. तापलेला हवेचा गोळा वर निघाला की भोवतालचा दाब कमी होत जातो आणि तो पसरतो. पसरताना आजूबाजूची हवा ढकलावी लागते. त्या कामाची ऊर्जा तो स्वतःच्या उष्णतेतून देतो, म्हणून थंड होतो. उष्णता बाहेर गळते असं पुष्कळांना वाटतं, पण गळती नगण्य असते. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप तापतो, त्याच्या नेमकं उलट. ढग नसेल तोवर ही घट किलोमीटरला सुमारे 9.8 अंश, कुठेही गेलात तरी.

आता इंदूरच्या राजवाड्यावरची एक दुपार धरा: तापमान 34, आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, 22. वर जाताना दवबिंदूही उतरतो, पण किलोमीटरला दोनेक अंशच. दोघांची गाठ साधारण दीड किलोमीटरवर, 19 अंशांच्या आसपास पडते. तिथे वाफेचे थेंब होऊ लागतात; तोच ढगाचा तळ. सगळ्या ढगांचे तळ एका पातळीत दिसतात ते यामुळेच.

खरी गंमत याच्या वर आहे. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, त्यामुळे गोळ्याची घट किलोमीटरला साडेचार अंशांवर येते. पुढचं सगळं भोवतालच्या हवेवर. जूनमधल्या एखाद्या दिवशी ढगाच्या तळाशी तीही 19 अंशांवर असेल आणि तिथून वर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होत असेल, तर आणखी तीन किलोमीटर वर गोळा साडेपाच अंश, भोवताल उणे अर्धा. सहा अंशांनी गरम असलेला गोळा थांबेल कशाला? तो वर सुटतो, आणि गडगडाट होतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमिनीवर हेच आकडे असू शकतात. पण पाऊस माघारी फिरला की वरची हवा खाली बसू लागते, आणि खाली येताना दाबली जाऊन तापते. समजा दोन किलोमीटरवर असा गरम थर आहे, भोवताल 19. गोळा तिथे पोचेपर्यंत 17. तो आजूबाजूपेक्षा थंड, म्हणजे जड. फार तर थोडा वर घुसून परत खाली येतो. ढग पाचशे मीटर जाडीचा, चपटा.

हिशेबात एक सूट मी घेतली आहे: बाहेरची कोरडी हवा ढगात मिसळते, थेंब सुकवते, म्हणून अरुंद ढग गणितापेक्षा लवकर दमतो.

भोवतालचा खरा आलेख हवामान खात्याच्या फुग्यांतून मिळतो; आपल्याला जवळचा भोपाळचा. तो पाहायचा नसेल तर साडेबाराच्या सुमारास ढगांचे माथे बघा. सगळे एकाच उंचीवर अडून आडवे पसरत असतील, तर कपडे गच्चीवरच राहू द्या.