हनुमानाचं १८१८चं नाणं: फोटोवरून काय कळतं

प्रश्न: आजीच्या देवघरात हे नाणं सापडलं. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, १८१८. बरंच झिजलंय. लाखो रुपये मिळतात म्हणतात. फोटो दिलेत, खरं आहे का?

उत्तर: नाही. हे चलनातलं नाणं नव्हे, पूजेसाठी किंवा विकण्यासाठी नंतर पाडलेलं टोकन आहे.

पहिला पुरावा अक्षरांचाच. हनुमान किंवा रामदरबार असलेला आणा कंपनीच्या टांकसाळीत कधीच पडला नाही. तिचा खरा अर्धा आणा बघायचा असेल तर १८३५चा बघा. त्यावर एका बाजूला ढाल धरलेले दोन सिंह आणि खाली लॅटिन ब्रीदवाक्य असतं. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात ‘हाफ आणा’ आणि त्याच्याच खाली फारसीत ‘दो पाई’. तुमच्या फोटोत फारसीचा मागमूस नाही, अक्षरंही जाडी-बारीक आणि एका ओळीत न बसलेली आहेत.

आता रंग. तुमचा फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला दिसतोय, त्यात तांबंही पितळेसारखं दिसतं. म्हणून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, शेजारी आजचं दहा रुपयांचं नाणं ठेवून पुन्हा फोटो काढा. त्याची बाहेरची कडी पिवळी आणि मधला भाग पांढरा असतो, त्यामुळे रंग किती बदललाय ते लगेच कळतं. कडेचाही एक फोटो घ्या. तुमच्या दुसऱ्या फोटोत काठावर जो ओरखडा आहे, तिथे आतून पिवळा धातू चमकतोय असं मला वाटतं. १८३५चा अर्धा आणा तांब्याचा, सुमारे १३ ग्रॅमचा. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, पण वजन जुळलं म्हणून नाणं खरं ठरत नाही.

झिजेनं मात्र भले भले फसतात. हनुमानाचं नाक आणि छाती गुळगुळीत झालीय, ती झीज खरीच आहे. रोज गंध लावून, पुसून, चिंचेनं घासून चाळीस-पन्नास वर्षांत पितळ एवढं झिजतं. झीज वापर सांगते, वय नाही. हातोहात फिरलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे आणि काठ साधारण सारखे झिजतात. तुमच्याकडे देवाची बाजू सपाट झालीय आणि मागची अक्षरं तशीच उठून दिसताहेत, म्हणजे हे नाणं बाजारात फिरलं नाही, देवघरात बसलं.

‘नोंदणी फी भरा, लाखो देतो’ असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी ती कोणाकडून फी घेत नाही.

आजीचं आहे, ते पुन्हा देवघरात ठेवा. फक्त यापुढे चिंच लावू नका.