मॅनेजमेंट करार संपतो, कमिशन नाही

तुझं काम सांभाळणाऱ्या एजन्सीला करार संपवायची नोटीस पाठवण्याआधी करारातलं एकच कलम शांतपणे वाच: करार संपल्यावरच्या कमिशनचं. नोटिशीने एजन्सीचा तुझ्यावरचा एकाधिकार संपतो. पण त्यांच्या काळात सही झालेल्या कामाचे पैसे नंतर आले, तरी त्यावरचं कमिशन बहुतेक करारांत द्यावंच लागतं, आणि ते मला रास्तही वाटतं.

खरा वाद मुदतवाढीवर होतो. समज, एका ब्रँडशी तुझा दोन वर्षांचा करार आहे, वर्षाला 10 लाख, कमिशन 20 टक्के. पहिल्या वर्षानंतर तू एजन्सीतून बाहेर पडलास, तर दुसऱ्या वर्षाचे 2 लाख एजन्सीचेच. पण तिसऱ्या वर्षासाठी ब्रँडने तुझ्याशी नव्याने बोलणी केली तर? कलमात ‘नूतनीकरण व मुदतवाढीसह’ असं लिहिलं असेल आणि कालमर्यादा नसेल, तर ते तिथेही हक्क सांगतील. आणि नवा मॅनेजरही त्याच रकमेवर कमिशन मागेल.

म्हणून निघताना लेखी समझोता कर. त्याला यादी जोड: प्रत्येक काम, सहीची तारीख, येणं बाकी, कमिशनचा दर, शेवटची तारीख. बोलणी अर्धवट असलेली कामंही नावानिशी लिही. ‘आम्ही सुरू केलेलं सगळं’ असं मोघम वाक्य मान्य करू नकोस. मुदतवाढीवर कमिशन द्यावंच लागलं, तर ते घटत जाणारं माग: पहिल्या वर्षी 10 टक्के, दुसऱ्या वर्षी 5, मग शून्य.

पैसे एजन्सीच्या खात्यात येत असतील तर ब्रँडला नवं खातं कळवायचं पत्र दोघांच्या सहीने जाऊ दे.